निष्कर्ष : सोडियम हायड्रॉक्साईडच्या द्रावणाची संहती अपेक्षेपेक्षा कमी का आली

४.०० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साईड एक लिटर पाण्यात विरघळवून तयार केलेल्या द्रावणाची संहती ०.१००० मोलर असायला हवी होती. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटच्या ०.१००० मोलर प्रमाणित द्रावणाशी अनुमापन केल्यावर ती ०.०९३६ मोलर आली. २५ मिली थॅलेटसाठी ब्युरेटमधून २५.० मिली लागायला हवे होते, लागले २६.७ मिली. तिन्ही वाचने ०.१ मिलीच्या आत जुळतात. अपेक्षित मूल्यापासूनचा फरक ६.४ टक्के आहे. आमच्या मते तो मोजमापातून आलेला नसून द्रावणातच आहे.

ब्युरेटवर ०.१ मिलीच्या खुणा आहेत. सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाचनातली अनिश्चितता, ब्युरेट, पिपेट व मापनफ्लास्क यांची मर्यादा हे सगळे एकाच बाजूला झुकले असे धरले, तरी फरक सव्वा टक्क्याच्या पुढे जात नाही. अंतिम बिंदू ओलांडला असेल का, हेही तपासले. १.७ मिली म्हणजे तीसेक थेंब. फिनॉल्फ्थॅलीन असताना इतके जादा अल्कली पडले असते तर द्रावण गडद गुलाबी झाले असते. आम्ही प्रत्येक वेळी पहिल्या टिकणाऱ्या फिकट गुलाबी छटेला थांबलो. ब्युरेटमध्ये पाणी राहून द्रावण पातळ झाले असते, तर त्याचा परिणाम पहिल्या वाचनावर सर्वांत जास्त दिसून पुढे कमी होत गेला असता. तसा उतार वाचनांत नाही. नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या कोऱ्या अनुमापनाला एकच थेंब पुरला.

थॅलेटवर संशय घेण्याचे कारण उरत नाही, आणि हा मुद्दा आम्हाला सर्वांत निर्णायक वाटतो. थॅलेट ओले असते तर २५ मिलीमध्ये आम्ल कमी भरले असते, अल्कली कमी लागले असते आणि संहती ०.१ पेक्षा जास्त दिसली असती. आमचा फरक नेमका उलट्या दिशेचा आहे. शिवाय थॅलेट ११० अंशांवर वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून मगच तोलले होते.

आता अल्कलीकडे. ०.०९३६ मोलर द्रावणात प्रति लिटर सुमारे ३.७४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साईड असते. म्हणजे तोललेल्या ४.०० ग्रॅमपैकी पाव ग्रॅमहून थोडे जास्त वजन दुसऱ्याच कशाचे तरी होते. बाटलीवर शुद्धता किमान ९७ टक्के लिहिली आहे; तेवढ्यानेच संहती ०.०९७० पर्यंत उतरू शकते. उरलेला वाटा ओलावा आणि कार्बोनेटचा. प्रयोग जुलैत, कोल्हापूरच्या ऐन पावसात झाला. या दमट हवेत सोडियम हायड्रॉक्साईडच्या गोळ्या तराजूवर ठेवताच ओलसर चमकू लागतात, आणि पाण्याचे ते वजनही ४.०० ग्रॅममध्ये मोजले जाते. त्याच वेळी हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषला जातो :

2NaOH + CO₂ → Na₂CO₃ + H₂O

दोन मोल अल्कली खर्चून तयार झालेले एक मोल कार्बोनेट फिनॉल्फ्थॅलीनच्या अंतिम बिंदूपर्यंत एकच मोल आम्ल उदासीन करते. त्यामुळे थोडे कार्बोनेटही संहती लगेच खाली आणते. उरलेल्या द्रावणात बेरियम क्लोराईडचे थेंब टाकल्यावर हलका पांढरा गढूळपणा आला, म्हणजे कार्बोनेट आहे. ओलाव्याचा वाटा किती आणि कार्बोनेटचा किती, हे एका अनुमापनातून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी हेच द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लाशी आधी फिनॉल्फ्थॅलीन आणि मग मिथिल ऑरेंज वापरून मोजावे लागेल.

म्हणून ०.०९३६ मोलर हीच या द्रावणाची खरी संहती आम्ही स्वीकारतो. तोललेल्या वजनावरून काढलेला आकडा फक्त अंदाज होता. सोडियम हायड्रॉक्साईड हा प्राथमिक प्रमाण पदार्थ नाही, आणि प्रमाणीकरण करायचे ते त्यासाठीच. हा फरक पुढच्या प्रयोगात थेट उमटेल. त्यात याच द्रावणाने दुधाची आम्लता काढायची आहे. ०.१ मोलर धरून गणित केले, तर खरी आम्लता ०.१४ टक्के असलेले दूध ०.१५ टक्के दिसेल. ज्या जिल्ह्यात घराघरांतून दूध डेअरीला जाते, तिथे चांगल्या दुधाला कागदावर जास्त आंबट ठरवणे आम्हाला मान्य नाही.

बाटलीवरची ०.१ मोलर ही चिठ्ठी काढून ०.०९३६ मोलर आणि प्रमाणीकरणाची तारीख लिहिली आहे. द्रावण घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवले असून दुधाच्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी ते थॅलेटशी पुन्हा प्रमाणित केले जाईल. गणितात त्या दिवशीचाच आकडा घेतला जाईल.