मुदतपूर्व परतफेड शुल्क परत मिळण्याबाबत

दि. 12 ऑगस्ट 2024
प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
गृहकर्ज विभाग, नाशिक

विषय : गृहकर्ज खाते (शेवटचे अंक 4417), ₹7,080 ची कपात

महोदय,

5 ऑगस्टला मी ₹3,00,000 मुद्दलात भरले. त्यावर 2 टक्के शुल्क ₹6,000 व जीएसटी ₹1,080 कापला गेला. करारनाम्याचे कलम 7(ब) हे शुल्क फक्त स्थिर व्याजदराच्या कर्जाला लावते. माझा दर मंजुरीपत्रानुसार पहिल्यापासून बदलता आहे. रिझर्व्ह बँकेच्या 5 जून 2012 च्या परिपत्रकानेही बदलत्या दराच्या गृहकर्जावर असे शुल्क घेण्यास मनाई आहे. पैसे स्वतःचे की दुसऱ्या बँकेचे, हा प्रश्नच येत नाही.

कृपया जीएसटीसह पूर्ण रक्कम बचत खात्यात जमा करावी व लेखी उत्तर द्यावे. 30 दिवसांत निराकरण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करेन.

सोबत : कलम 7, मंजुरीपत्र व खातेउतारा यांच्या प्रती.

आपली विश्वासू,
कर्जदार