सत्तेचाळीस स्लाइड्स

"मृण्मयी, उद्या दहाला चाकणला क्लायंट आहे. डेक जरा नीट करून ठेव गं," असं म्हणत शिरीष सर बाणेरच्या ऑफिसातून बाहेर पडलेसुद्धा.

डेकमध्ये ४७ स्लाइड्स. कंपनीचा प्रवास, पुरस्कार, टीमचे फोटो, व्हिजन, मिशन. ज्या सेन्सरसाठी हा सगळा खटाटोप, तो बाराव्या स्लाइडवर, तोही कोपऱ्यात. 'नीट' म्हणजे काय, हे इंटर्नला कुणी सांगत नसतं. तिने घरी बसून फॉन्ट एक केले, रंग कमी केले, चौकटी ओळीत आणल्या. डेक देखणा झाला, पण सांगत काहीच नव्हता.

साडेबाराला बाबा भोसरीहून सेकंड शिफ्ट करून आले. मेंटेनन्सला फिटर. ताट घेऊन तिच्या शेजारी बसले.

"विकताय काय तुम्ही?"

"बेअरिंग जायच्या आधी मशीन जास्त थरथरतं ना, ते सेन्सर पकडतो."

"हे लिहिलंय कुठं?"

शोधलं. एकतिसाव्या स्लाइडवर, तिसऱ्या बुलेटमध्ये.

मग ती प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारू लागली: ही नसली तर कारखान्याचा मालक काही विचारेल का? पुरस्कार गेले. व्हिजन-मिशन तर बिनविरोध गेलं. तिने स्वतः खपून केलेला फिरता ग्राफ मात्र तिने तीनदा काढला आणि तीनदा परत आणला. शेवटी तोही मागे, हिडन स्लाइड्समध्ये.

"आणि हे का काढलंस?" बाबांचं बोट एका डिलीट केलेल्या फोटोवर होतं. वर्कशॉपच्या लॉगबुकाचं पान, तेलकट अंगठ्याच्या डागासकट. दिसायला घाण, म्हणून तिने संध्याकाळीच उडवलं होतं.

बाबा वाचत होते. कंपन, मिमी प्रति सेकंद: २.१, २.३, २.९, ४.६. पुढच्या ओळीत 'मशीन बंद'.

"वाढतंय हे यानं रोज लिहिलंय. वाचलं कुणी नाही."

ते हात धुवायला उठले. तिने तो फोटो पहिल्या स्लाइडवर टाकला, पूर्ण स्क्रीनभर.

सकाळी गाडीत नाशिक फाट्याला सरांनी लॅपटॉप उघडला. "नऊच? पुरस्कार कुठे गेले?"

"मागे आहेत सर. हिडन."

सर मोशीपर्यंत बोलले नाहीत.

मालकांनी पहिल्या स्लाइडवर चष्मा लावला. आकड्यांवरून बोट फिरवत खाली आले. सर दुसऱ्या स्लाइडकडे निघाले, तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा हो. ४.६ आला त्या दिवशी तुमचं यंत्र फोन कुणाला करणार? मला, की शिफ्टच्या माणसाला?"

सरांनी मृण्मयीकडे पाहिलं. याचं उत्तर असलेली स्लाइड तिने रात्री दोन वाजता काढली होती.

"हिडनमध्ये, सर," ती म्हणाली. "एकोणीस नंबर."