चार पावलं, आज सांजच्याले

पोरगी चालली आज!! 13 महिन्यांची झाली परवा. छपरीत कापसाच्या गंजीले धरून उभी होती, आजी समोर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती अन् हिनं एकदम हात सोडला अन् निघाली न बापा, एक, दोन, तीन, चार अन् धपकन आजीच्या मांडीवर, शेंगा सगळ्या छपरीभर. आजी रडून राहिली, हे हसून राहिले, मी तं नुसती पाहतच राहिली. व्हिडिओ नाही कोनाजवळ, मोबाईल चार्जिंगले होता. हा फोटो नंतरचा, पायाले माती, केसात कापूस. आबाजी वावरातून आले तं त्यांच्याकडे 6 पावलं गेली! दिवे लागले तरी स्वयंपाकाचं नाव कोनी काढून नाही राहिलं.