वर्गातले प्रसंग: बालविकास व अध्ययन उपपत्ती, सराव प्रश्नसंच

डी.एल.एड. द्वितीय वर्ष | छात्रसेवाकालापूर्वीचा सराव | गुण २० | वेळ ४५ मिनिटे

सूचना: प्रश्न १, २, ३ व ५ ला प्रत्येकी २ गुण. प्रश्न ४ ला ४ आणि प्रश्न ६ ला ८ गुण. प्रसंग दोनदा वाचा. पहिल्या वाचनात मूल काय करते आहे तेवढेच पाहा. पियाजे, वायगॉट्स्की यांची आठवण दुसऱ्या वाचनाला ठेवा. टीईटीत बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला ३० गुण असतात, आणि तिथेही प्रसंग नीट न वाचताच ओळखीच्या नावावर खूण करणारे पुष्कळ निघतात.

प्रश्न १. इयत्ता दुसरी. बाई तोंडी संख्या सांगतात, मुले पाटीवर लिहितात. ओमकार 'पंचवीस' ऐकून ५२ लिहितो, 'त्रेचाळीस'ला ३४ आणि 'एकोणचाळीस'ला ९४. 'वीस', 'चाळीस' मात्र बिनचूक. फळ्यावर २५ लिहून दिले तर तो दोन दांडे आणि पाच सुटे मणी बरोबर मांडतो. बाईंनी आधी काय करावे?
(अ) चुकलेली प्रत्येक संख्या दहा वेळा लिहून घ्यावी
(आ) अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी नाव पाठवावे
(इ) ऐकलेली संख्या आधी दांडे-मण्यांनी मांडायला लावून मग लिहायला सांगावी
(ई) पहिलीचे गणित पुन्हा सुरू करावे

प्रश्न २. पोषण आहाराच्या पंगतीत सहा वर्षांच्या रेणुकासमोर दोन डाव खिचडी वाटीत वाढली. शेजारच्या रोहनची वाटी घरी राहिली, म्हणून त्याचे दोन डाव ताटात पसरले. रेणुका म्हणाली, "त्याला जास्त दिली." बाईंनी तिच्यासमोर पुन्हा डाव मोजून दाखवले, तरी तिचे मत बदलले नाही. कारण:
(अ) आत्मकेंद्रितता
(आ) पसाऱ्यावरच लक्ष खिळणे
(इ) वस्तुस्थायित्वाचा अभाव
(ई) मत्सर

प्रश्न ३. इयत्ता पाचवी. प्रकट वाचनाचा तास सुरू झाला की समीर शेजाऱ्याची टोपी उडवतो. सर त्याला तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभा करतात. महिनाभरात खोड्या वाढल्या, त्याही याच तासाला. समीर वाचताना अडखळतो. स्किनरच्या भाषेत सरांनी समीरच्या खोडकरपणाला काय दिले?
(अ) शिक्षा (आ) ऋण प्रबलन (इ) विलोपन (ई) अभिजात अभिसंधान

प्रश्न ४. इयत्ता तिसरीतल्या साक्षीच्या वहीतली चार गणिते:

```
५२ − १७ = ४५
६८ − २५ = ४३
८१ − ३६ = ५५
९७ − ४२ = ५५
```

(क) ७४ − २९ चे उत्तर ती काय लिहील? (१)
(ख) ती कोणत्या नियमाने चालली आहे? (१)
(ग) "चुकले" हा शब्द न वापरता तिला स्वतःलाच शंका येईल अशी एक कृती सांगा. (२)

प्रश्न ५. अंजली आणि फातिमा यांना अपूर्णांकांच्या चाचणीत १० पैकी ३-३ गुण मिळाले. तशीच दुसरी चाचणी सरांनी शेजारी बसून, एकसारख्या सूचना देत घेतली. अंजलीला ८ मिळाले, फातिमाला ४. यावरून काय म्हणता येईल?
(अ) अंजलीची बुद्धी जास्त आहे
(आ) दोघींची आजची पातळी सारखी दिसते, पण मदतीने गाठता येणारा पल्ला वेगळा आहे
(इ) फातिमाने प्रयत्न केले नाहीत
(ई) दुसऱ्या चाचणीचे गुण धरू नयेत

प्रश्न ६. मेळघाटातली शाळा, इयत्ता पहिली. मुलांच्या घरी कोरकू बोलतात, शिक्षकाला ती येत नाही. चित्रातल्या गोष्टीवर मराठीत प्रश्न विचारले की वर्ग गप्प. मधल्या सुट्टीत हीच मुले त्याच चित्राकडे बोट दाखवून आपसांत भरभरून बोलतात. शिक्षकाने शेऱ्यात लिहिले: "मुलांमध्ये अभिव्यक्तिकौशल्याचा अभाव." या शेऱ्याची तपासणी करा आणि पहिल्या महिन्यात काय कराल ते लिहा.

उत्तरे व चर्चा

१: इ. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र दोन आधी लिहायचे. ओमकार ऐकलेल्या क्रमाने लिहितो आहे. 'एकोणचाळीस'ला त्याने ९४ लिहिले, इथे थांबा: 'एकोण' आले की ९ लिहायचा, हे त्याला कळले आहे, दशक मात्र एकाने मागे जातो, हे कळायचे आहे. अर्धे ज्ञान हातात असलेल्या मुलाला पहिलीत ढकलणे अन्यायाचे होईल. (आ) वर खूण करणारे दरवर्षी भेटतात. आकड्यांची उलटापालट दिसली की अक्षमता, हे समीकरण डोक्यातून काढा. हा मुलगा पाहून मांडताना चुकत नाही. हीच अडचण लक्षात घेऊन २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन सुचवले आणि महाराष्ट्रभर वाद झाला. तुमचे मत काहीही असो, मुलांची अडचण खरी आहे.

२: आ. पसारा मोठा दिसतो, त्याची खोली किती कमी झाली हे एकाच वेळी लक्षात धरता येत नाही. रूप बदलले तरी प्रमाण तेच राहते, ही समज पियाजेच्या मांडणीनुसार मूर्त क्रियात्मक अवस्थेत, साधारण सातव्या वर्षापासून स्थिरावते. (अ) फसवा पर्याय आहे. पियाजेची आत्मकेंद्रितता म्हणजे स्वार्थ नव्हे. समोरच्याला दृश्य वेगळे दिसत असेल हे न उमजणे, एवढाच तिचा अर्थ.

३: आ. सरांना वाटते शिक्षा केली. समीरच्या बाजूने पाहा: नकोसे वाचन टळले आणि ते टाळणारे वर्तन वाढले. वर्तन वाढले म्हणजे प्रबलन. नकोशी गोष्ट दूर होऊन वाढले म्हणजे ऋण प्रबलन. देणाऱ्याचा हेतू इथे मोजला जात नाही. उपाय टोपीत नाही, वाचनात आहे: त्याला जमेल असा उतारा, आणि सगळ्यांसमोर वाचण्याआधी जोडीदाराबरोबर सराव. आणि हो, मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम १७ मनाई करते.

४. (क) ५५. (ख) प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. हातचा नसलेल्या गणितांत हा नियम बरोबर उत्तर देतो, म्हणून तर तो टिकला. चारपैकी दोन बरोबर म्हणून "निष्काळजी" असा शेरा मारणाऱ्याने वही तपासली, पण वाचली नाही. (ग) ५२ काड्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, देऊन १७ काढायला सांगा. गठ्ठा सोडावाच लागतो. उरलेल्या ३५ आणि वहीतले ४५ समोरासमोर आले की जुनी चौकट अपुरी पडते. पियाजे ज्याला समायोजन म्हणतो ते इथून सुरू होते. ४५ + १७ करून पाहायला लावले तरी पूर्ण गुण.

५: आ. वायगॉट्स्कीचे समीपस्थ विकासाचे क्षेत्र. फातिमाला मदत नको असा याचा अर्थ नाही. तिला याहून आधीच्या पायरीवरची, कदाचित चपाती दुमडून दाखवण्यासारखी मदत हवी. आणखी एक: 'आधार' या अर्थाची पायाड ही संज्ञा पुष्कळ गाइडांत वायगॉट्स्कीच्या नावावर असते. ती वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ च्या लेखात मांडली. वायगॉट्स्कीचे निधन १९३४ चे.

६. गुणदान: निरीक्षण २, कारणमीमांसा ३, कृती ३.

शेऱ्याच्या विरोधातला पुरावा प्रसंगातच आहे: मधल्या सुट्टीतले बोलणे. अभिव्यक्ती भरपूर आहे, ती शिक्षकाला कळत नाही. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीपासून कुळानेच दूर. 'बोलीभाषेचा प्रभाव' असे लिहिणाऱ्यांचे गुण कापावेत. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तितके मातृभाषेतून शिकवायला सांगते.

कृतीत नेमकेपणा हवा. "मातृभाषेचा आदर करावा" या वाक्याला शून्य. गुण मिळतील ते अशा उत्तराला: गोष्ट आधी मुलांनी कोरकूत सांगावी, गावातल्या एखाद्या आजीला किंवा अंगणवाडीताईंना बोलवावे, चित्राखाली दोन्ही भाषांतले शब्द देवनागरीत लिहावेत, पहिले काही दिवस उत्तर बोट दाखवून किंवा चित्र काढून दिले तरी चालावे, आणि शिक्षकाने रोज चार-पाच कोरकू शब्द मुलांकडून शिकावेत. शिक्षकाचा उच्चार चुकला की मुले हसतील. हसू द्यावे; दुरुस्तही तीच करतील, आणि त्या ओघात वर्गात बोलू लागतील.