चवथीच्या मनःपूर्वक शुभेच्छा

॥ श्री गणेशाय नमः ॥

माटोळीला तोरिंगे, आंबाडे, कांगणे आणि सुपारीचे घोस बांधून झाले, मुंबईहून निघालेली मंडळी मडगाव नि थिवी स्थानकांवर उतरली, की समजावे चवथ घरात आली. वर्षभर कुलूप असलेल्या मूळ घरांचे दरवाजे उघडले, आणि चौकीवर गणराय विराजमान होण्याच्या तयारीत आहेत.

आमच्या समस्त गिऱ्हाइकांना, हितचिंतकांना आणि गोमंतकीय बांधवांना श्रीगणेश चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा. आपल्या घरी सुख, समाधान आणि घुमट आरतीचा गजर नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

आम्ही मिठाईवाले असलो, तरी मनापासून सांगतो: नेवऱ्या घरच्याच. आजी कड मुरडते, सून तळते आणि पोरे खसखशीचे सारण पळवतात, त्याची सर आमच्या दुकानाला कुठून येणार? पण घरात हात कमी असतील, तर संकोच करू नये. आमच्या नेवऱ्या साच्यात दाबलेल्या नसतात. त्यांची कड हातानेच मुरडली जाते. सारणात सुके खोबरे, तीळ, खसखस आणि वेलची. नैवेद्याच्या जिनसांची कढई वेगळी, आणि त्या कुणी चाखून पाहत नाही.

उकडीचे मोदक 21 च्या डब्यात, फक्त आगाऊ नोंदणीनेच मिळतील. पाहुण्यांच्या ताटासाठी आल्याचा ठसका असलेले गुळाचे खाजे, बेसनाचे लाडू आणि शेव आहेतच. भाव गेल्या चवथीचेच. पातोळ्या मात्र आम्ही ठेवत नाही. हळदीच्या पानातून सोडवल्या सोडवल्या खाव्यात, डब्यात घालून ठेवायची ती वस्तू नव्हे.

नोंदणी रविवार, 24 ऑगस्टपर्यंत दुकानावर प्रत्यक्ष येऊन करावी. मंगळवार, 26 रोजी दुकान रात्री 9 पर्यंत उघडे राहील. बुधवार, 27 ऑगस्ट 2025 रोजी, म्हणजे चवथीदिवशी, सकाळी 6 ते 10 या वेळेत नोंदवलेले डबे तेवढे दिले जातील. त्यानंतर शटर खाली. आमच्याकडचे कारागीर आणि आम्ही सगळेच आपापल्या गावी जाणार. आमच्याही घरी दीड दिवसांचा गणपती असतो. शुक्रवार, 29 पासून नेहमीप्रमाणे सेवेत हजर राहू, तेव्हा पाच दिवसांच्या गणपतीवाल्यांनी काळजी करू नये.

डबे नेताना घरची कापडी पिशवी आणल्यास उपकार होतील.

गणपती बाप्पा मोरया!

आपले नम्र,
माटोळी मिठाई भांडार
बाजार, फोंडा, गोवा