पंप दप्तरातच हवा: श्रेयसच्या बाईंना दिलेलं पत्र

माझा मुलगा श्रेयस नऊ वर्षांचा आहे. चार वर्षांचा असल्यापासून त्याला दमा आहे. गेल्या पावसाळ्यात, आधीच्या शाळेत असताना, मधल्या सुट्टीत त्याला धाप लागली. त्याचा पंप शाळेतच होता, पण ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप. चावी मोठ्या गुरुजींकडे आणि गुरुजी तालुक्याला मीटिंगला. पावसामुळे फोनला रेंज नव्हती, म्हणून सातवीतला एक मुलगा धावत आमच्या घरी आला. मी घरातला दुसरा पंप घेऊन पोचले तेव्हा श्रेयस ओट्याच्या कडेला बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे कानांपर्यंत वर येत होते, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मला बघून त्याने "आ" म्हटलं, श्वास घेतला आणि मग "ई" म्हटलं. चार पफ दिल्यावर दहा मिनिटांत तो बोलायला लागला.

वर्गातल्या बाई रडत होत्या. "पंप द्यायला माझी ना नव्हती हो," त्या म्हणाल्या, "पण कोणी लेखी काही दिलेलं नाही. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल." मला त्यांचा राग आला नाही. त्यांचं म्हणणं खरंच होतं. औषध शाळेत पाठवलं की काम झालं असं मी समजत होते. ते कधी द्यायचं, किती द्यायचं, आणि देणाऱ्याच्या पाठीशी कोण उभं आहे, हे मी कागदावर कधी दिलंच नव्हतं.

यंदा जूनमध्ये नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात हे पत्र दिलं. ते इथे जसंच्या तसं देते आहे.

दि. 18 जून 2025

प्रति,
मा. वर्गशिक्षिका बाई, इयत्ता चौथी
प्रत: मा. मुख्याध्यापक

विषय: कु. श्रेयस यास दम्याचा पंप जवळ बाळगू देणे व गरज पडल्यास औषध देणे, यासाठी पालकांची परवानगी

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा श्रेयस आपल्या वर्गात आहे. त्याला दमा आहे. एरवी तो बरा असतो, खेळतो, पोहतो. पण हवेत गारठा आला, वर्गाच्या भिंतींना ओल धरली, धूर किंवा खडूची धूळ नाकात गेली, सर्दी झाली किंवा जोरात धावला की त्याच्या श्वासनळ्या आकसतात आणि श्वास अडकतो. अशा वेळी लागणारा साल्बुटामॉलचा निळा पंप (एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम) आणि पंपाला जोडायचा प्लास्टिकचा नळा, म्हणजे स्पेसर, त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असेल. असाच दुसरा संच नाव घालून आपल्याकडे देत आहे. तो कृपया वर्गातच, आपल्या हाताशी ठेवावा. कुलपात ठेवू नये ही कळकळीची विनंती.

पंप श्रेयसला स्वतःला मारता येतो. त्याने मागितला की विचारपूस न करता घेऊ द्यावा. नुसता सारखा खोकला, छातीत घरघर किंवा "छाती जड झाली" एवढंच असेल तर दोन पफ पुरतात. आपल्याला द्यावा लागला तर असा द्यावा: त्याला ताठ बसवावं, आडवं करू नये. पंप चांगला हलवून स्पेसरच्या मागच्या भोकात बसवावा. स्पेसरचं तोंड त्याने ओठांत घट्ट धरलं की पंप एकदाच दाबावा आणि त्याला त्यातूनच पाचसहा सावकाश श्वास घेऊ द्यावेत. मग अर्धा मिनिट थांबून, पुन्हा हलवून, दुसरा पफ. दोन पफ एकदम दाबले तर औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं आणि छातीत कमी जातं. पाच-दहा मिनिटांत फरक दिसतो. हात थोडे थरथरतील, छाती धडधडेल. त्याला घाबरू नये, ते आपोआप थांबतं.

पण त्याला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा तो सुस्त पडत असेल, तर आमची वाट बघू नये. एकेक करून चार पफ द्यावेत आणि कोणालातरी लगेच 108 ला फोन करायला सांगावं. चार मिनिटांनी उतार नसेल तर पुन्हा चार. गाडी येईपर्यंत असंच चालू ठेवावं. गाडीला उशीर होतोय असं वाटलं तर नाक्यावरची रिक्षा करून सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं, पंप आणि स्पेसर बरोबर घेऊन. वाटेतही पफ देता येतात. घरघर अचानक थांबली आणि तरी मूल थकलेलं दिसत असेल तर तो उतार समजू नये. हवाच आत जात नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

खेळाच्या तासाआधी पंधरा मिनिटे त्याने दोन पफ घ्यायचे आहेत. आपण फक्त आठवण करावी. त्याला खेळातून वगळू नये. मात्र वर्ग झाडताना, फळा पुसताना आणि पोषण आहाराच्या चुलीचा धूर वर्गाकडे येत असेल तेव्हा त्याला लांब बसवावं.

इतर औषधांबद्दल. ताप आला तर आधी फोन करावा. आम्ही मिळालो नाही आणि ताप 101 च्या वर असेल, तर सोबत दिलेलं पॅरासिटामॉलचं सिरप (5 मिलीमध्ये 250 मिलिग्रॅम) बाटलीबरोबरच्या मापाने साडेसात मिली, एकदाच द्यावं. त्याचं वजन 26 किलो आहे, त्यानुसार हे माप डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन असलेली कोणतीही गोळी देऊ नये. काही दमेकऱ्यांना त्याने धाप वाढते. आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी जेवणानंतर द्यायला आमची हरकत नाही. जंतनाशक दिवसाची गोळीही द्यावी, फक्त त्या दिवशी त्याला धाप किंवा ताप असेल तर न देता आम्हाला कळवावं. या व्यतिरिक्त शाळेत कोणतंही औषध देऊ नये.

वर लिहिल्याप्रमाणे औषध देण्यास आम्ही दोघे आई-वडील संपूर्ण परवानगी देत आहोत. आपण सद्हेतूने, या कागदाप्रमाणे औषध दिल्यास त्याची जबाबदारी आमची राहील, आपल्यावर किंवा शाळेवर आम्ही कोणताही ठपका ठेवणार नाही. ही परवानगी चालू शैक्षणिक वर्षापुरती आहे. औषधात बदल झाला तर नवा कागद देऊ. बालरोगतज्ज्ञांच्या सहीची चिठ्ठी सोबत जोडली आहे. आमचे दोघांचे आणि शेजारच्या काकूंचे फोन नंबर हजेरीच्या रजिस्टरमध्ये लिहून दिले आहेत. आमच्या वाडीत रेंज जाते, म्हणून काकूंचा लँडलाइन दिला आहे.

आपली नम्र,
वैशाली (श्रेयसची आई)
महेश (श्रेयसचे वडील)

पत्र नुसतं पोराच्या हातात देऊन पाठवलं नाही. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं गेलो. संपत आलेला एक पंप नेला आणि बाईंना व्हरांड्यात दोनदा दाबून बघायला लावला. पंप दाबायला किती जोर लागतो हे वाचून कळत नाही. पहिल्यांदा बाईंनी न हलवताच दाबला, दुसऱ्यांदा बरोबर जमलं. मग म्हणाल्या, "एवढंच आहे होय?" शेजारच्या वर्गाच्या गुरुजींनाही त्यांनीच बोलावून दाखवलं. बाई रजेवर असतील त्या दिवशी कोण, हा प्रश्न त्यातच सुटला.

डॉक्टरांची चिठ्ठी मात्र पाहिजेच. माझ्या पत्रातले आकडे माझ्या मुलाचे आहेत. तुमच्या मुलाचं वजन वेगळं, औषध वेगळं, कदाचित पफही वेगळे. ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मगच पत्रात घाला.

औषध कागदाच्या पुडीत बांधून पाठवू नका. गोळ्यांची पट्टी कापून पाठवली की नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर राहते, मग शिक्षकांनी ओळखायचं कसं? मूळ पाकीट द्या, वर मुलाचं नाव आणि इयत्ता लिहा. अँटिबायोटिक दिवसातून तीनदा असेल तर बहुतेक वेळा शाळेत जाण्याआधी, घरी आल्यावर आणि झोपताना असं बसवता येतं. तसं चालेल का, हे डॉक्टरांना विचारलं की शिक्षकांवरचं ओझं कमी होतं. दम्याचा रोजचा पंप, जो आकसणं होऊच नये म्हणून असतो, तो सकाळ-संध्याकाळ घरीच द्यायचा आणि नंतर चूळ भरायची. तो चुकूनही शाळेत पाठवू नका. असे बहुतेक पंप धाप लागलेली असताना लगेच कामाला येत नाहीत, आणि दोन पंप दप्तरात असले की घाईत चुकीचा हातात येतो.

आमच्या सासूबाई अजून म्हणतात, "सारखो पंप मारू नको रे, सवय लागतली." त्यांच्या काळजीत खोट नाही, पण पंपाची सवय लागत नाही. औषध थेट छातीत जातं म्हणून ते पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं. हां, निळा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागायला लागला तर त्याचा अर्थ आजार ताब्यात नाही, आणि डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. म्हणून बाईंना मी एक छोटी वही दिली आहे. शाळेत पंप घेतला की तारीख आणि पफ, बस. जुलैमध्ये त्या वहीत एका आठवड्यात पाच नोंदी झाल्या. त्यावरून डॉक्टरांनी रोजचं औषध वाढवलं. मला घरून ते कळलंच नसतं, कारण श्रेयस घरी येईपर्यंत बरा असायचा.

आपल्याकडे आणखी एक कटकट आहे. पावसात स्पेसर वाळत नाही. साबणाच्या कोमट पाण्यात धुवून, फडक्याने न पुसता, निथळत ठेवायचा असतो, कारण पुसला की प्लास्टिकमध्ये वीज धरते आणि औषध त्याला चिकटतं. जुलै-ऑगस्टमध्ये तो रात्रभर ओलाच राहतो. म्हणून मी शनिवारी संध्याकाळी धुते, सोमवारपर्यंत वाळतो. पुढे हिवाळ्यात आंब्याच्या बागांत फवारणी चालू होते आणि त्यानंतर उन्हाळ्यात शेतात भाजावळीचा धूर होतो, तेव्हा पाऊस नसला तरी पंप लागतोच. पावसाळा संपला म्हणून दप्तरातून काढून ठेवू नका.

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दोन्ही पंप काढून बघा. मागे आकडा असेल तर किती पफ उरलेत ते दिसतं. पाचसहा दिवस वापरला नसेल तर हलवून दोनदा हवेत दाबा, मगच दप्तरात ठेवा. बाईंकडचाही तसाच.