निष्कर्ष: अनुस्पंदन नलिकेने मोजलेला हवेतील ध्वनीचा वेग

चार नादकाट्यांच्या वाचनांवरून हवेतील ध्वनीचा वेग ३४२.० ± ०.६ मी./से. आला. त्या दिवशी भिंतीवरचा तापमापक २८°से. दाखवत होता. v = 331.3 + 0.606 t या सूत्राने त्या तापमानाला ३४८.३ मी./से. वेग अपेक्षित होता. म्हणजे आमचे उत्तर ६.३ मी./से. ने, अर्थात १.८ टक्क्यांनी कमी आहे. हा आकडा लहान दिसतो, पण आमच्या वाचनांतल्या विखुरण्याच्या तो जवळजवळ दहापट आहे. त्यामुळे 'मानवी चूक' असे लिहून तो सोडून देता येत नाही. ऐकण्यातल्या आणि वाचण्यातल्या चुका काही वेळा उत्तर वाढवतात, काही वेळा कमी करतात. इथे चारही काटे एकाच बाजूला, खालीच, पडले आहेत.

| वारंवारता (हर्ट्झ) | l₁ (सेंमी) | l₂ (सेंमी) | l₂ − l₁ (सेंमी) | v (मी./से.) |
|---|---|---|---|---|
| ५१२ | १५.९ | ४९.४ | ३३.५ | ३४३.० |
| ४८० | १७.१ | ५२.६ | ३५.५ | ३४०.८ |
| ४२६.६ | १९.३ | ५९.५ | ४०.२ | ३४३.० |
| ३८४ | २१.६ | ६६.० | ४४.४ | ३४१.० |

l₁ आणि l₂ म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या अनुस्पंदनाच्या वेळी नळीतल्या पाण्यावर असलेल्या हवेच्या स्तंभाची लांबी. वेग v = 2f(l₂ − l₁) या सूत्राने काढला आहे. जर्नलच्या पहिल्या मसुद्यात आम्ही फक्त पहिल्या अनुस्पंदनावरून, v = 4fl₁ असे गणित केले होते. त्यात वेग अनुक्रमे ३२५.६, ३२८.३, ३२९.३ आणि ३३१.८ मी./से. आले, सरासरी ३२८.८. ते गणित चुकीचे असूनही आम्ही ते इथे ठेवले आहे, कारण त्या चार आकड्यांचा क्रम बरेच काही सांगतो. वारंवारता जितकी जास्त, तितका वेग कमी. हवेत ध्वनीचा वेग वारंवारतेवर असा अवलंबून नसतो, म्हणजे दोष पद्धतीत आहे. प्रस्पंद नळीच्या अगदी तोंडाशी बसत नाही, तोंडाबाहेर थोडा वर बसतो. हा 'थोडा' भाग सर्व काट्यांसाठी जवळजवळ सारखाच असतो. ५१२ च्या काट्याचा हवेचा स्तंभ आखूड असल्यामुळे त्याच्या लांबीत या भागाचा वाटा मोठा पडतो आणि वेग जास्त घसरतो. दोन अनुस्पंदनांमधला फरक घेतला की ही अंत्य दुरुस्ती वजाबाकीतच निघून जाते. म्हणून १९.५ मी./से. ची तूट ६.३ वर आली. उरलेल्या ६.३ चा हिशेब मात्र वेगळा द्यावा लागतो.

अंत्य दुरुस्ती आम्ही e = (l₂ − 3l₁)/2 या सूत्रानेही काढली. ती ०.८५, ०.६५, ०.८० आणि ०.६० सेंमी, सरासरी ०.७३ सेंमी आली. नळीचा आतला व्यास व्हर्नियरने २.९ सेंमी होता, त्यावरून 0.3d म्हणजे ०.८७ सेंमी अपेक्षित होती. फरक १.४ मिमीचा आहे. या सूत्रात l₁ तिपटीने येतो, त्यामुळे l₁ मधली एका मिलिमीटरची चूक e मध्ये दीड मिलिमीटर होते. हा फरक आम्हाला विशेष वाटत नाही. पण ४८० आणि ३८४ या दोन काट्यांचे वेगही कमी आणि अंत्य दुरुस्तीही कमी, हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. त्याकडे शेवटी येतो.

कोणत्या गोष्टींनी वेग कमी आला नाही, ते आधी सांगतो. मीटरपट्टीचे शून्य नळीच्या तोंडाशी नेमके जुळले नसेल, तर ती चूक l₁ आणि l₂ दोन्हींत सारखीच शिरते आणि वजाबाकीत नाहीशी होते. डोळा पाण्याच्या पातळीच्या सतत वर ठेवल्याने होणाऱ्या चुकीचेही तसेच. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब कमी असतो. पण दाबाबरोबर घनताही त्याच प्रमाणात कमी होते आणि वेग p/ρ वर ठरतो. तापमान तेच असेल तर उंचीने वेग बदलत नाही. नादकाट्यांवर कोरलेली वारंवारता चुकीची असण्याची शंका आम्ही गांभीर्याने घेतली, कारण ती चूक थेट वेगात उतरते. मात्र सगळी तूट भरून काढायला ५१२ च्या काट्याची खरी वारंवारता ५२१ च्या आसपास असावी लागेल, आणि उरलेले तिन्ही काटेही त्याच प्रमाणात चुकलेले असावे लागतील. दुसऱ्या टेबलावरचा ५१२ चा काटा आणि आमचा काटा एकत्र वाजवून ऐकले. साधारण दोन सेकंदांना एक स्पंद ऐकू आला, म्हणजे दोघांत अर्ध्या हर्ट्झचा फरक. दोन्ही काटे सारखेच नऊ हर्ट्झने चुकले असतील हे आम्हाला पटत नाही.

सिद्धान्ताबद्दल एक गोष्ट नोंदवतो. न्यूटनने १६८७ मध्ये ध्वनीच्या वेगाचे सूत्र मांडताना तापमान स्थिर राहते असे धरले होते, आणि त्याचे उत्तर सुमारे १५ टक्क्यांनी कमी पडत होते. दाबल्या गेलेल्या हवेला उष्णता बाहेर टाकायला वेळच मिळत नाही, हे लक्षात घेऊन लाप्लासने १८१६ मध्ये ते दुरुस्त केले. न्यूटनच्या सूत्राने २८°से. ला २९४ मी./से. वेग येतो. आमचे ३४२ त्यापासून फार दूर आहे. सूत्र बरोबर आहे, त्यात घातलेले तापमान बरोबर होते का हाच खरा प्रश्न होता.

ते बरोबर नव्हते. तापमापक पूर्वेच्या खिडकीजवळच्या भिंतीवर आहे आणि जानेवारीतले सकाळचे ऊन थेट त्या भिंतीवर येते. नळीतले पाणी मात्र गच्चीवरच्या टाकीतले, रात्रभर गार झालेले होते. प्रयोग संपल्यावर आम्ही पाण्याचे तापमान घेतले, ते २२°से. होते. मग बारीक तापमापक दोऱ्याला बांधून नळीत सोडला. पाण्यापाशी २२.५ आणि तोंडाशी २४°से. आले. ध्वनी ज्या हवेतून गेला ती हवा सरासरी २३°से. ची होती, २८ ची नव्हती. २३°से. ला अपेक्षित वेग ३४५.२ मी./से. होतो. ६.३ पैकी जवळजवळ निम्मी तूट इथे संपली. ही चूक मोजमापाची म्हणण्यापेक्षा तुलनेची आहे. आम्ही एका हवेचा वेग मोजला आणि दुसऱ्या हवेच्या वेगाशी ताडून पाहिला.

दुसरे कारण सापडले ते मीटरपट्टीत. नळीमागे चिकटवलेली पट्टी छापील कागदाची आहे आणि वर्षानुवर्षे पाण्याचे शिंतोडे उडून ती ओलसर झालेली आहे. स्टीलची पट्टी तिच्याशेजारी धरली तेव्हा कागदावरचे ६०.० सेंमी प्रत्यक्षात ६०.३ सेंमी भरले. ताणलेली पट्टी लांबी कमी दाखवते, आणि ही चूक शून्याच्या चुकीसारखी वजाबाकीत जात नाही, कारण ती लांबीच्या प्रमाणात वाढते. ०.५ टक्के दुरुस्ती केल्यावर ३४२.० चे ३४३.७ मी./से. होतात. चार काट्यांची वाचने घेऊन गणित पूर्ण होईपर्यंत आमच्यापैकी कोणालाही पट्टी तपासावीशी वाटली नाही. ही तपासणी प्रयोगाच्या सुरुवातीला, नळीचा व्यास मोजतानाच व्हायला हवी होती.

यानंतर दोन परिणाम उरतात आणि ते एकमेकांविरुद्ध काम करतात. पाण्यावरची हवा बाष्पाने भरलेली असते. बाष्प कोरड्या हवेपेक्षा हलके असल्याने वेग सुमारे १.६ मी./से. ने वाढतो. उलट २.९ सेंमी व्यासाच्या नळीत भिंतीला लागून असलेली हवा घर्षणाने अडते आणि भिंतीशी उष्णतेची देवाणघेवाण करते. आमच्या वारंवारतांना त्याने वेग सरासरी १.९ मी./से. ने घटतो. म्हणजे निव्वळ घट फक्त ०.३ मी./से. ची आहे. वेग कमी आल्याचे कारण म्हणून 'हवेतील आर्द्रता' लिहिणे मात्र सरळ चूक ठरेल, कारण आर्द्रतेने वेग वाढतो. आमच्याही पहिल्या मसुद्यात ते लिहिले गेले होते आणि ते आम्ही खोडले आहे. तूट समजावून घेताना कारणाची दिशा आधी तपासली पाहिजे.

अशा प्रकारे नळीतल्या हवेसाठी अपेक्षित वेग ३४४.९ आणि पट्टीची दुरुस्ती केलेला मोजलेला वेग ३४३.७ मी./से. होतो. उरलेला फरक १.२ मी./से. आहे. वाचनांचे विखुरणे ०.६, पट्टीच्या दुरुस्तीतली अनिश्चितता ०.६ आणि नळीतल्या तापमानातली एक अंशाची अनिश्चितता ०.६ मी./से. एकत्र धरली, तर सुमारे १ मी./से. होते. त्या मानाने हा फरक मोठा म्हणता येत नाही.

तरीही ४८० आणि ३८४ या काट्यांबद्दल लिहिणे भाग आहे. तास संपत आल्याने या दोन काट्यांचे दुसरे अनुस्पंदन आम्ही फक्त पाणी वर चढवताना घेतले, उतरवताना घेतले नाही. दुसरे अनुस्पंदन पहिल्यापेक्षा मंद असते. आवाज सर्वांत मोठा झाला हे कानाला कळेपर्यंत पाणी थोडे पुढे गेलेले असते. पाणी चढत असेल तर स्तंभ आखूड होतो आणि l₂ कमी वाचला जातो. त्याने वेगही कमी येतो आणि अंत्य दुरुस्तीही, आणि दोन्ही काट्यांत नेमके तेच दिसले. ५१२ आणि ४२६.६ ही दोनच वाचने घेतली, तर दुरुस्त वेग ३४४.७ येतो, म्हणजे अपेक्षेपासून अवघा ०.२ मी./से. दूर. हे उत्तर फार सुंदर दिसते, पण ते आम्ही अंतिम मानत नाही. निकाल पाहिल्यावर नको असलेली वाचने वगळणे योग्य नाही. त्या दोन काट्यांची वाचने दोन्ही दिशांनी पुन्हा घेतल्याशिवाय ती काढून टाकण्याचा अधिकार आम्हाला नाही.

म्हणून अंतिम उत्तर चारही काट्यांचे आहे: सुमारे २३°से. तापमानाच्या, नळीतल्या बाष्पयुक्त हवेत ध्वनीचा वेग ३४३.७ ± ०.९ मी./से. नळीतले तापमान आम्ही प्रयोग संपल्यावर अर्ध्या तासाने घेतले, तोवर पाणी खोलीच्या तापमानाकडे थोडे सरकलेले असणार. वाचने घेताना नळीतली हवा २३ पेक्षा किंचित गार असावी, आणि उरलेल्या १.२ मी./से. पैकी काही भाग त्यातच असण्याची शक्यता आहे.